सोडतीचं घर आणि विक्रीतला वांशिक कोटा

म्हाडाच्या सोडतीत घर लागलं की पाच वर्षं ते विकता येत नाही, ही अट मुंबईत बहुतेकांना माहीत आहे. सवलतीत मिळालेलं घर कुणी लगेच बाजारभावानं विकून नफा कमावू नये, हा तिचा उद्देश. अट काळाची आहे. घर विकणारा कुठल्या समाजाचा आणि घेणारा कुठल्या, याच्याशी तिचा संबंध नाही. सिंगापूरमध्ये मात्र १९८९पासून हाही प्रश्न विचारला जातो. तिथल्या मलय मुस्लिमांच्या घरांवर या नियमाचा जो परिणाम झाला, तो आपण समजून घ्यायला हवा असं मला वाटतं.

सिंगापूरचं गृहनिर्माण व विकास मंडळ, म्हणजे एचडीबी, १९६० साली स्थापन झालं. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी वस्तीत भीषण आग लागली आणि सुमारे सोळा हजार लोक बेघर झाले. त्यानंतर सरकारी इमारती झपाट्यानं उभ्या राहिल्या. १९६४मध्ये घर भाड्यानं देण्याऐवजी मालकीनं देण्याची योजना आली. विक्रीची अट तेव्हा फार कडक होती. घर नको असेल तर ते मंडळालाच परत द्यायचं, बाजारात विकायचं नाही. १९७१मध्ये ही बंदी उठली आणि काही वर्षं स्वतः राहिल्यानंतर खुल्या बाजारात विक्रीची मुभा मिळाली. राहण्याची किमान मुदत आधी तीन वर्षं होती, १९७३पासून ती पाच वर्षं झाली. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

पण विक्री खुली झाली आणि एक वेगळाच परिणाम दिसू लागला. मंडळ नवी घरं वाटताना वेगवेगळ्या समाजांची कुटुंबं एकत्र बसवत होतं. घरं पुन्हा विकली जाताना मात्र लोक आपल्या माणसांच्या जवळ जात होते. बेडोक आणि टॅम्पिनीस भागांत मलय कुटुंबं वाढत गेली, हौगांगमध्ये चिनी. कुणी कुणाला हाकललं नव्हतं. आईवडील, मशीद, हलाल खाणं, शाळा जिथे जवळ, तिथे घर घ्यावं ही साधी इच्छा त्यामागे होती. सरकारला मात्र त्यात १९६४ची आठवण दिसली. त्या वर्षी जुलैमध्ये पैगंबर जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मलय आणि चिनी यांच्यात दंगल उसळली होती. वेगळ्या वस्त्या पुन्हा तयार होऊ द्यायच्या नाहीत, असं ठरवून मार्च १९८९पासून ‘वांशिक एकात्मता धोरण’ लागू झालं.

धोरणात प्रत्येक परिसरासाठी आणि प्रत्येक इमारतीसाठी, तिथल्या भाषेत ब्लॉकसाठी, एक कमाल मर्यादा ठरवली आहे. आज ब्लॉकमध्ये चिनी कुटुंबं ८७ टक्क्यांपर्यंत, मलय २५ टक्क्यांपर्यंत, तर भारतीय व इतर १५ टक्क्यांपर्यंत असू शकतात. परिसराची मर्यादा प्रत्येकी तीन टक्क्यांनी कमी आहे. देशाच्या लोकसंख्येत चिनी साधारण तीन चतुर्थांश आणि मलय साडेतेरा टक्के आहेत, म्हणजे मर्यादा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा थोड्या वर ठेवल्या आहेत. वर्गवारी ओळखपत्रावरच्या वंशावरून होते, धर्मावरून नाही. त्यामुळे तमीळ मुस्लिम कुटुंब मलय कोट्यात न येता भारतीय कोट्यात मोजलं जातं.

ही मर्यादा नव्या घरांनाही लागू आहे. संगणकीय सोडतीत तुम्हाला चांगला क्रमांक लागला, तरी घर निवडण्याची वेळ येईपर्यंत त्या ब्लॉकमधला तुमच्या गटाचा कोटा भरला असेल, तर तिथलं घर मिळत नाही. पण खरी अडचण पुनर्विक्रीत येते.

एक उदाहरण मांडतो. समजा, शंभर घरांचा एक ब्लॉक आहे. त्यात ८७ चिनी, ९ मलय आणि ४ भारतीय कुटुंबं आहेत. चिनी कोटा पूर्ण भरला आहे. एका मलय कुटुंबाची पाच वर्षं पूर्ण झाली आणि त्यांनी घर विकायला काढलं. ते चिनी खरेदीदाराला विकलं तर चिनी घरं ८८ होतील, म्हणून परवानगी नाही. त्याच मजल्यावरच्या चिनी शेजाऱ्यानंही घर काढलं, तर तो ते दुसऱ्या चिनी कुटुंबाला विकू शकतो, कारण आकडा ८७च राहतो. शिवाय मलय किंवा भारतीय ग्राहकही त्याला चालतो. दोन्ही घरं सारखीच, पण एका विक्रेत्यापुढे सगळा बाजार उभा आहे आणि दुसऱ्याच्या बाजारातून सर्वांत मोठा ग्राहकवर्गच वजा झालाय. अशा विक्रेत्याला एक तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं, नाहीतर भाव उतरवावा लागतो.

उलट स्थितीही येते. मलय कोटा भरलेल्या ब्लॉकमध्ये चिनी मालकाला मलय ग्राहक चालत नाही. पण त्याच्यासाठी बाजाराचा मोठा भाग उघडाच राहतो. नियम सगळ्यांना सारखा असूनही त्याचं ओझं सारखं नाही, ते या आकड्यांमुळे. तिथे खरेदीदार मलय असेल तर त्रास त्याला होतो. आईच्या शेजारी राहू पाहणाऱ्या मुलाला त्या ब्लॉकमध्ये घर हवं असेल, तर कुणीतरी मलय मालक विकायला निघेपर्यंत वाट बघावी लागते.

कोट्याची स्थिती मंडळाच्या संकेतस्थळावर ब्लॉकनिहाय बघता येते आणि ती दर महिन्याच्या एक तारखेला नव्यानं मांडली जाते. त्यामुळे विक्रेत्याला घर काढताना किमतीच्या आधी हे बघावं लागतं. मागच्या महिन्यात ज्याला विकता आलं असतं, त्याला या महिन्यात विकता येईलच असं नाही.

हा प्रश्न तिथल्या संसदेत वारंवार आला. २०२१मध्ये विरोधी पक्षानं पुनर्विक्रीतल्या कोट्यावर बोट ठेवलं. सरकारनं धोरण मागे घेतलं नाही, पण काही अल्पसंख्य मालकांना कमी भावात विकावं लागतं, हे मान्य केलं. आधी अशा मालकांना मुदतवाढ मिळे. २०२२पासून अपवादात्मक प्रकरणांत, प्रयत्न करूनही घर विकलं न गेल्यास, मंडळ ते स्वतः विकत घेण्याचा पर्याय देतं.

मला हे धोरण सरसकट नाकारता येत नाही. आपल्या शहरांत असा कोटा नाही, पण नाव ऐकून घर नाकारणं आहे आणि त्यातून वस्त्या आपोआप वेगळ्या होत गेल्या आहेत. सिंगापूरच्या मलय कुटुंबाला शेजारी म्हणून नाकारण्याची सोय कुणाला ठेवलेली नाही, ही छोटी गोष्ट नव्हे. तरीही एकत्र राहण्याचा फायदा साऱ्या देशाला होत असेल, तर त्याची किंमत एकट्या विक्रेत्याच्या खिशातून का जावी? घराच्या भावात झालेली घट मंडळानं भरून द्यायला हवी होती आणि ती १९८९लाच, असं माझं मत आहे. घर परत विकत घेण्याची तरतूद यायलाच तेहेतीस वर्षं लागली. त्या काळात ज्यांनी भाव पाडून घरं विकली, त्यांना ती उपयोगाची नाही.