येनमधलं २ टक्क्यांचं कर्ज रुपयातल्या १० टक्क्यांपेक्षा खरंच स्वस्त असतं का?

समजा, चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याला जपानहून १ कोटी रुपयांचं सीएनसी मशीन आणायचं आहे. रुपयात कर्ज घेतलं तर व्याज १० टक्के आणि जपानी येनमध्ये घेतलं तर फक्त २ टक्के. वर्षाला ८ लाख रुपये वाचतील, असा हिशेब कुणीही पटकन करेल.

पण या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. कर्ज येनमध्ये फेडायचं आहे आणि कारखान्याची कमाई रुपयात आहे. म्हणजे वर्षभरानंतर येन किती रुपयांना मिळेल, यावर सगळं अवलंबून आहे.

आकडे मांडून पाहू

आज १०० येन ५० रुपयांना मिळतात, असं धरू. १ कोटी रुपये म्हणजे २ कोटी येन. २ टक्के व्याज धरून वर्षाअखेर २ कोटी ४ लाख येन फेडायचे. रुपयातलं कर्ज असतं तर १ कोटी १० लाख रुपये फेडावे लागले असते.

दोन्ही कर्जं सारखीच महाग कधी ठरतील? २ कोटी ४ लाख येन १ कोटी १० लाख रुपयांना मिळतील तेव्हा. म्हणजे:

५० × १.१० ÷ १.०२ = ५३.९२

१०० येनचा भाव ५० वरून ५३.९२ रुपयांवर गेला, म्हणजे येन सुमारे ७.८ टक्क्यांनी महागला, की सगळी बचत संपली. व्याजदरांतला फरक ८ टक्के होता. येन महागण्याचा आकडा जवळपास तेवढाच आला, हा योगायोग नाही.

भाव ५० वरच राहिला तर कारखान्याचे ८ लाख वाचतील. पण भाव ६० झाला तर १ कोटी २२ लाख ४० हजार रुपये फेडावे लागतील. 'स्वस्त' कर्ज १२ लाख ४० हजारांनी महाग पडेल.

मग 'समता' कशाची?

अर्थशास्त्र म्हणतं की बाजाराला येन साधारण ५३.९२ पर्यंत जाईल अशीच अपेक्षा असायला हवी. येन ५० वरच राहणार अशी सगळ्यांची खात्री असती, तर जगभरातले गुंतवणूकदार येनमध्ये कर्ज काढून ते पैसे रुपयात ठेवत राहिले असते. रुपयाला मागणी वाढून तो आजच महाग झाला असता. पुढे त्याची अपेक्षित घसरण व्याजातला फायदा खाऊन टाकेल, इतका महाग होईपर्यंत हे चाललं असतं.

यालाच 'अनकव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटी' किंवा अनाच्छादित व्याजदर समता म्हणतात. ज्या चलनाचा व्याजदर जास्त, ते चलन तेवढ्याच प्रमाणात घसरण्याची अपेक्षा असते. 'अनाच्छादित' अशासाठी की पुढचा भाव आधी पक्का केलेला नसतो. बँकेकडे फॉरवर्ड करार करून तो आजच पक्का करता येतो. पण बँक त्यासाठी ५० नाही, ५३.९२ च्या आसपासचाच भाव सांगते. जोखीम गेली, की बचतही गेली.

ही तुलना सारख्या जोखमीच्या कर्जांचीच करायची असते. बँकेने एका कर्जावर जास्त मार्जिन लावलं असेल, तर त्या फरकातून चलनाबद्दल काही कळत नाही.

प्रत्यक्षात तसं घडतं का?

अनेकदा नाही. २००७ च्या मध्यात १०० येन साधारण ३३ रुपयांना मिळत होते. व्याजदरांतला फरक वर्षाला ८ टक्के धरला तरी दीड वर्षात भाव ३७ च्या आसपास जायला हवा होता. पण २००८ चं जागतिक आर्थिक संकट आलं आणि वर्षाअखेर तो ५० च्या पुढे गेला. अशा वेळी येन विकत घेऊन कर्ज फेडणाऱ्याला व्याजात वाचलेल्या पैशांच्या कित्येक पट भुर्दंड बसतो.

नंतर उलटही झालं. २०२१ च्या सुरुवातीला १०० येन सुमारे ७० रुपयांना होते. जपानमधले व्याजदर आपल्यापेक्षा कितीतरी कमी होते, म्हणजे समतेच्या नियमाने येन महागायला हवा होता. पण २०२४ च्या मध्यापर्यंत तो ५२ च्या आसपास घसरला. येनमध्ये कर्ज घेतलेल्यांना दुहेरी फायदा झाला.

असे फायदे पाहूनच येनमध्ये उधार घेऊन दुसरीकडे गुंतवण्याचा 'कॅरी ट्रेड' वाढतो. मात्र ३१ जुलै २०२४ ला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला, येन झपाट्याने वधारला आणि ५ ऑगस्टला टोकियोचा निक्केई निर्देशांक एका दिवसात १२ टक्क्यांहून जास्त कोसळला. शांत काळात थोडं थोडं मिळालेलं अशा काही दिवसांत निघून जातं.

म्हणून ५३.९२ या आकड्याला भाकीत समजू नये. ती ना नफा ना तोट्याची रेषा आहे. येन या रेषेच्या खालीच राहील, अशी पैज लावल्याशिवाय रुपयात कमावणाऱ्याला येनचं उघडं कर्ज स्वस्त पडत नाही. ज्या कारखान्याचा माल जपानला जातो आणि पैसे येनमध्ये येतात, त्याची गोष्ट वेगळी. येन महागला तर त्याचा हप्ता वाढतो, पण मिळकतही वाढते.