सराव-फेरफार

सराव-फेरफार : नवनियुक्त तलाठ्याच्या हाती स्वतंत्र सजा देण्यापूर्वी त्याच्याकडून नमुना-प्रकरणांचा एक गठ्ठा हातावेगळा करून घेण्याची रीत. तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी हे पदनाम मिळाले असले, तरी गावोगाव व दप्तरातही जुनेच नाव अधिक चालते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या रीतीचे कोठेही कलम नाही. अनुभवी मंडळ अधिकारी किंवा जुना तलाठी ज्याला आपला उमेदवार खरोखर तयार व्हावा असे वाटते, तो आपल्या समजुतीने असा गठ्ठा बांधतो. येथील विवेचन वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला व त्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके मोडतात.

सरावाची गरज फेरफार-नोंदवहीच्या स्वभावातून उद्भवते. गाव नमुना ६ म्हणजे ही नोंदवही होय. तीत प्रत्येक नोंदीस ओळीने क्रमांक पडतो, आणि एकदा पडलेला क्रमांक पुसता येत नाही. चुकीची नोंद रद्द झाली, तरी रद्दचा शेरा घेऊन ती वहीत कायम राहते. नोंद प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर उतरली, की तलाठ्याचे तिच्यावरचे नियंत्रण संपते : चूक निव्वळ लेखनाची असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो, आणि हक्काचा प्रश्न गुंतला असेल तर खातेदारास कलम २४७ खालील अपिलाची वाट धरावी लागते. म्हणजे उमेदवाराने दहा मिनिटांत केलेल्या चुकीपायी एखाद्या कुटुंबास उपविभागीय कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात, आणि तोवर पीककर्जाचे प्रकरण बँकेत अडून बसते.

गठ्ठा बांधण्याची उत्तम सामग्री म्हणजे जुनी, प्रमाणित झालेली प्रकरणे. त्यांतील नावे व गट क्रमांक बदलावेत, मंडळ अधिकाऱ्याचा निर्णयाचा शेरा झाकावा, आणि अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सातबारा व आठ-अ एवढेच कागद उमेदवारापुढे ठेवावेत. त्याने कोऱ्या नमुन्यावर नोंदीचा मजकूर लिहावा, हितसंबंधितांच्या नोटिशी काढाव्यात, हरकतीसाठी पंधरा दिवस धरून नोंद कोणत्या तारखेस निर्णयास ठेवता येईल हे सांगावे, आणि मग त्याचे लिखाण झाकलेल्या शेऱ्याशी ताडून पाहावे. क्रम साध्याकडून अवघडाकडे असावा. आरंभी नोंदणीकृत खरेदीखत द्यावे, कारण त्याची वर्दी दुय्यम निबंधकाकडून येते व तलाठ्याचे काम मुख्यतः ताडून पाहण्याचे उरते. मग बँकेचा बोजा, मग वारस, आणि शेवटी हरकत आलेले प्रकरण, जे नमुना ६-अ मध्ये विवादग्रस्त म्हणून चढवावे लागते.

वारसाच्या एकाच प्रकरणात किती पेच असतात, हे पुढील कल्पित नमुन्यावरून दिसेल. एक हिंदू खातेदार मृत्युपत्र न करता वारला. त्याची स्वकष्टार्जित जमीन १ हेक्टर ५० आर आहे. मागे आई, विधवा, एक मुलगा व एक विवाहित मुलगी आहेत. दुसरा मुलगा बापाच्या आधीच वारला असून त्याची विधवा, एक सज्ञान मुलगी व एक अज्ञान मुलगा आहेत. उमेदवार सात नावे मोजतो आणि सात सारखे हिस्से पाडून मोकळा होतो. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे हिस्से पाच पडतात : आई, विधवा, हयात मुलगा, मुलगी यांचा प्रत्येकी एक, आणि मृत मुलाच्या शाखेचा मिळून एक. क्षेत्राच्या भाषेत प्रत्येक हिस्सा ३० आर इतका होतो, आणि शाखेतील तिघांच्या वाट्यास प्रत्येकी १० आर येतात. आईचे नाव गळणे ही येथली सर्वांत नित्याची चूक होय, कारण अर्जदार बहुधा मुलगा असतो आणि आजी ही वारस असते हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

हिस्से अचूक काढणारा उमेदवारही पुढच्या पायरीवर घसरतो. तीस आर कोणाचे, दहा आर कोणाचे हे हिशेबाने निघाले, म्हणून तो सातबाऱ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे वेगळे क्षेत्र लिहू पाहतो, आणि नकळत वाटणी करून बसतो. वारस फेरफाराने केवळ नावे दाखल होतात व खाते सामाईक राहते. क्षेत्र विभागण्याचा अधिकार कलम ८५ खाली तहसीलदाराचा आहे. अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ लिहून आईचे नाव घालावयाचे राहिले, तर तीही उणीव परीक्षकाने लाल शाईने दाखवावी. तीच जमीन वडिलोपार्जित व एकत्र कुटुंबाची असल्याचे कागदावरून दिसत असेल, तर वरचे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस जन्मतःच सहदायाद केले आहे. असे दुसरे प्रकरण पहिल्याच्या लगोलग द्यावे.

विदर्भातील गठ्ठ्यास एक स्थानिक पदर असतो, आणि पुण्याकडे छापलेल्या मार्गदर्शिकांवर विसंबणारा उमेदवार तेथे हमखास अडखळतो. १५ ऑगस्ट १९६७ रोजी संहिता अमलात येण्यापूर्वी या प्रदेशास १९५४ चा मध्यप्रदेश जमीन महसूल कायदा लागू होता. त्यामुळे जुन्या फेरफारांत ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ हे शब्द भेटतात. भूमिधारी धारकाच्या हस्तांतरणावर निर्बंध असे व नव्या व्यवस्थेत तो भोगवटादार वर्ग २ मध्ये गेला. हा शब्द नजरेआड करून केलेली खरेदीची नोंद वरकरणी निर्दोष दिसते. कुळकायद्याचेही तसेच : येथे विदर्भ प्रदेशाचा १९५८ चा स्वतंत्र अधिनियम लागू आहे, १९४८ चा नव्हे.

गठ्ठा फार हुशारीने बांधण्यातही एक धोका आहे, आणि शिकवणाऱ्या हौशी मंडळींना तो उशिरा उमगतो. प्रत्येक प्रकरणात खोच ठेवली, की उमेदवार कागद वाचण्याऐवजी खोच हुडकू लागतो. स्वच्छ प्रकरणातही त्याला संशय येतो आणि तो विनाकारण त्रुटीपत्र काढतो. म्हणून निम्म्याहून अधिक प्रकरणे निखळ सरळ असावीत. उमेदवार तयार झाल्याची खरी खूण गुणसंख्येत सापडत नाही. मृत्यूचा दाखला आहे पण सर्व वारसांचा उल्लेख असलेले प्रतिज्ञापत्र नाही, अशा वेळी तो नोंद लिहिण्याचे थांबवून कागद मागतो की नाही, हे पाहावे.

कागदी सरावाची मर्यादाही उघड आहे. नांदेडकडे दिलेल्या मुलीचे नाव अर्जात मुद्दाम गाळले गेले, हे कोणताही नमुना सांगत नाही. ते पोलीस पाटील, शेजारी आणि कोतवाल यांच्याशी बोलताना कळते, व स्थानिक चौकशीचा गठ्ठा बांधता येत नाही. त्यासाठी सरावानंतर उमेदवारास जुन्या तलाठ्याच्या सजेत जोडून देतात. खऱ्या प्रकरणाची चौकशी दोघे मिळून करतात, मजकुराचा मसुदा उमेदवार लिहितो, आणि संगणकावर नोंद चढवून स्वाक्षरी मात्र जुना तलाठी आपल्याच जबाबदारीवर करतो.