शातो गाय्यारचे शेवटचे सात महिने

उरले सात महिने (ऑगस्ट 1203)
नॉर्मंडीत सीन नदीवरच्या या किल्ल्याला फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप वेढा घालतो. इंग्लंडच्या राजा रिचर्डने तो जेमतेम दोन वर्षांत, 1198 पर्यंत उभारला होता. खडूच्या खडकात कोठारं कोरलेली, आणि प्रत्येक तटाच्या आत वेगळी विहीर. कारण सरळ आहे: बाहेरचा तट सोडून मागे हटावं लागलं तरी पाणी शत्रूच्या हाती राहू नये. नदीमार्गे रसद पोहोचवण्याचा रिचर्डनंतरचा राजा जॉन याचा प्रयत्न मात्र फसतो.

उरले काही महिने (हिवाळा)
खालच्या गावातले शेकडो लोक जीव वाचवायला गडात शिरलेले आहेत. किल्लेदार रॉजर द लेसी हिशोब मांडतो. समजा, शिबंदीला वर्षभर पुरेल इतकं धान्य आहे आणि खाणारी तोंडं पाचपट झाली, तर ते सुमारे अडीच महिन्यांत संपेल. तो गावकऱ्यांना बाहेर काढतो. पहिल्या काही तुकड्यांना फ्रेंच वाट देतात, पण मग फिलिप वाट बंद करतो. परत फिरलेल्यांना गडाचं दारही उघडत नाही. दोन सैन्यांच्या मधल्या पट्टीत, ऐन थंडीत, माणसं गवत आणि कुत्री खाऊन जगतात, बरीच मरतात. उरलेल्यांना अखेर फिलिपच जेवण देऊन सोडतो. लेसीचं गणित चुकलं नव्हतं, हेच त्यातलं भयंकर.

उरले काही दिवस
बाहेरच्या तटाखाली सुरुंग खणून फ्रेंच आत घुसतात. दुसऱ्या तटाला शौचकूपाची एक नळी आहे. मैला सरळ तटाबाहेर पडावा, आत दुर्गंधी आणि रोगराई साचू नये, म्हणून तिची योजना. एका वृत्तांतानुसार मूठभर शिपाई याच वाटेने वर चढले; काही अभ्यासकांना मात्र जॉनने बांधलेल्या प्रार्थनाघराची खिडकी अधिक संभवनीय वाटते. वाट कोणतीही असो, आत शिरलेल्यांनी गोंगाट असा केला की मोठी फौज आल्यासारखं वाटावं. घाबरून शिबंदीने ते शिरले होते त्या इमारतीलाच आग लावली. आग वस्तीत पसरली, बचाव करणारे बालेकिल्ल्यात पळाले, आणि शत्रूने पूल खाली सोडून सैन्य आत घेतलं.

शेवटचे तास (6 मार्च 1204)
बालेकिल्ल्याच्या खंदकावरचा पूल लाकडी नव्हता, मूळ खडकातच राखलेला होता. तो तोडता येईना, आणि त्याच्याच आडोशाने फ्रेंच तट पोखरू लागले. आतल्यांनी प्रतिसुरुंग खणला. त्याने भिंत दोन्ही बाजूंनी पोकळ झाली. दगड फेकणाऱ्या यंत्राचे तडाखे बसताच ती कोसळली. चोरदरवाजाने निसटू पाहणारेही अडवले गेले. 36 सरदार आणि शंभरावर सैनिक पकडले गेले. नॉर्मंडीची राजधानी रूआँ जूनमध्ये शरण आली.