ताटलीच्या पाठीवरचे टाके



जुन्या घरांच्या फडताळात कधी कधी एखादी चिनी मातीची ताटली निघते. पुढून पाहिली तर एक बारीक तडा दिसतो, बाकी सगळे नीट. ती उलटी केली की तड्यावर आडव्या बसवलेल्या चार-पाच धातूच्या छोट्या पट्ट्या दिसतात, जणू फाटलेल्या कापडाला कुणी तारेने टाके घातले आहेत. गिरगाव-दादरच्या घरांत, आणि मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात तर हमखास, अशी भांडी भेटतात. दुकानदार टाक्यांकडे बोट दाखवून म्हणतो, "बघा, किती जुनं आहे ते!" हे टाके खरोखर वयाचा पुरावा आहेत का, आणि त्यांनी किंमत वाढते की घटते, हे आज जरा सावकाश पाहू.

आधी हे टाके घालत कसे ते सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. गोंद किंवा सरस पाण्याने सुटतो, म्हणून पूर्वी ताटली, वाडगा, चहाची किटली फुटली की ती धातूने बांधत. सुताराचा दोरीने फिरणारा सामता असतो ना, तसलेच हत्यार घ्यायचे आणि त्याच्या टोकाला हिऱ्याची कणी बसवायची. चिनी माती इतकी कठीण असते की साधे पोलाद तिच्यावर नुसते घसरते. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक भोक पाडायचे, पण आरपार नाही, साधारण अर्ध्या जाडीपर्यंतच. म्हणूनच टाके पाठीमागून घातले तर पुढून काही दिसत नाही. भोके किंचित तिरपी, तड्याकडे कललेली असतात. मग पितळेच्या किंवा लोखंडाच्या तारेचा टाका भोकांमधल्या अंतरापेक्षा केसभर आखूड करून ताणून बसवायचा. तो स्वतःला आवळून घेतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर ओढून धरतो. उरलेल्या फटी प्लास्टरसारख्या लुकणाने बुजवायच्या. चांगला कारागीर असेल तर त्या वाडग्यात पुन्हा पाणी ठरे.

ही कला चीनची. तिची सर्वात प्रसिद्ध खूण टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेराव्या शतकातला, फिकट हिरव्या झिलईचा तो एक चिनी चहाचा वाडगा आहे. जपानमध्ये सांगतात की पंधराव्या शतकातल्या आशिकागा योशिमासा या शासकाने तडा गेलेला हा वाडगा चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागितला. तोपर्यंत तसे काम तिथे कुणाला जमेनासे झाले होते, म्हणून चिन्यांनी तोच वाडगा लोखंडी टाके घालून परत केला. टाके मोठ्या टोळासारखे दिसतात, म्हणून त्याला 'बाकोहान' हे नाव पडले. आज तो जपानचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा आहे. ही गोष्ट दुकानदारांना फार आवडते, पण तिचा अर्थ पुढे पाहू.

इराणातही फुटकी भांडी जोडणारे फिरते कारागीर होते. त्यांना 'चिनी बंदजन' म्हणत. ते तारेने बांधून सांधा अंड्याचा पांढरा बलक आणि चुन्याच्या लुकणाने भरत. इंग्लंडमध्येही तारेचे टाके घालणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होते. १९४० नंतर इपॉक्सी चिकटद्रव्ये बाजारात आली, तेव्हा हा धंदा हळूहळू बसला, आणि १९६०च्या सुमारास तो जवळपास संपला.

आता मुंबईत ही भांडी आली कुठून? एकोणिसाव्या शतकात इथले व्यापारी जहाजे घेऊन चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करत. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे आपले मोतीशा शेठ त्यांच्यापैकीच एक, आणि जमशेटजी जीजीभाई त्यांचे भागीदार. इथून कापूस आणि अफू जाई, तिकडून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी येत. श्रीमंत घरांत मोठमोठे संच आले. पण लक्षात ठेवा, पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून जपानी भांडीही मुंबईत भरपूर आली, आणि ती खूप स्वस्त होती. फडताळात दोन्ही एकमेकांशेजारी बसली आणि फुटली तेव्हा दोन्ही जोडली गेली. घोटाळा इथेच आहे.

लालबागच्या एका काकूंकडची ताटली उदाहरण म्हणून घेऊ. दहा इंची, पांढऱ्यावर निळी. मधोमध विलोचे झाड, छोटा पूल आणि उडणारे दोन पक्षी. मागे पाच पितळी टाके. एका व्यापाऱ्याने ती "दोनशे वर्षांची, टाके पाहा" असे सांगून विकत मागितली होती. काकूंनी ती माझ्याकडे आणली. आम्ही पुढीलप्रमाणे तपासली.

पहिली गोष्ट नक्षी. विलोची ही नक्षी चिनी दिसत असली तरी ती अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये रुजली, आणि पुढे इंग्लंड-जपानमधल्या कारखान्यांनी ती लाखोंनी छापली. म्हणजे नक्षीवरून वय ठरत नाही. दुसरी गोष्ट, बुडाचा शिक्का. तिथे अगदी पुसट 'मेड इन जपान' असे होते. जपानी मालावर १८९१ ते १९२१ या काळात 'निप्पॉन' असा शिक्का येई, आणि १९२१नंतर 'जपान'. १९४५ ते १९५२च्या मालावर कधी 'ऑक्युपाइड जपान' असे असते. म्हणजे ही ताटली साधारणपणे १९२१च्या आधीची नाही. तिसरी गोष्ट, टाके. ते १९६०च्या आसपासपर्यंतचे असावेत. दोन्ही एकत्र ठेवले की ताटली या दोन तारखांच्या मधली ठरते. दोनशे वर्षे सोडाच, कदाचित शंभरही नाहीत.

यावरून एक नियम मिळतो. टाका भांडे कधी बनले ते सांगत नाही. तो फक्त इतकेच सांगतो की भांडे टाक्यापेक्षा जुने आहे. ते दोन वर्षांनी जुने असेल किंवा दोनशे वर्षांनी. त्यामुळे वयासाठी बूड, तिथला शिक्का, तळकडीची झीज आणि झिलई पाहायची. टाके फक्त अलीकडची मर्यादा देतात. आणखी एक गोष्ट ते सांगतात, आणि मला ती मोलाची वाटते. ज्या घराने ताटली जोडून घेतली, त्या घराला ती फेकून देण्यासारखी वाटत नव्हती.

पण ती मर्यादाही तेव्हाच खरी, जेव्हा टाके खरेच जुने असतील. चीनमध्ये ही कला आता पुन्हा शिकवली जाते, आणि नव्या भांड्यांनाही शोभेसाठी टाके घालतात. शिवाय जुने दिसावे म्हणूनही कुणी ते घालू शकतो. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. टाक्याखाली तडा असायलाच हवा, आणि टाका त्याला आडवा हवा. तडा नसलेल्या जागी टाका असेल तर शंका घ्या. जुन्या तड्यात वर्षांचा मळ तपकिरी रेषेसारखा बसलेला असतो. भोकाच्या कडा मळलेल्या आणि बोथट असतात. कडा पांढऱ्याशुभ्र आणि धारदार असतील तर काम ताजे आहे. लोखंडाच्या टाक्याभोवती झिलईवर गंजाचा डाग पसरलेला असतो, पितळेवर हिरवट कळकट थर असतो. सगळे टाके एकसारखे काळे रंगवल्यासारखे दिसले तर सावध व्हा.

आता किमतीचे. घरगुती, संचातल्या ताटलीसाठी टाके म्हणजे तूट. समजा अखंड ताटलीचे दोन हजार मिळत असतील, तर टाके घातलेलीला बहुतेक वेळा त्यातला छोटा भागच मिळतो, कारण घेणाऱ्याला अखंड संच हवा असतो. दुर्मिळ भांड्याचे तसे नाही. तशाच दुसऱ्या नगाची वाटच पाहावी लागते, म्हणून तिथे किंमत कमी होते, पण मोडत नाही. बाकोहानचे मोल टाक्यांमुळे नाही. वाडगा मुळातच असामान्य होता, आणि टाक्यांमागे लिहून ठेवलेला इतिहास आहे. चोरबाजारातल्या ताटलीला ती गोष्ट लागू होत नाही. परदेशात मुद्दाम जोडलेली भांडी जमवणारे काही संग्राहक आहेत, पण त्यांना कामाची कुशलता आणि गंमत हवी असते, नुसते वय नव्हे.

याच्या उलटही घडते. काही जण टाके काढून, भोके भरून, रंगवून भांडे अखंड म्हणून विकतात. ते ओळखायला पाठीवर तड्याच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीने बारीक ठिपके शोधा आणि बोटाच्या नखाने हलकेच टिचकी मारा. अखंड चिनी माती घणघणते, जोडलेली ठस्स वाजते. अतिनील दिव्याखाली नवा भराव बहुधा वेगळा चमकतो.

घरात असे भांडे असेल तर टाके उपटू नका. ओढले तर झिलईचा टवका निघतो, आणि भांड्याच्या इतिहासाचा पुरावाही जातो. गरम चहा किंवा गरम पाणी त्यात घालू नका. पितळ तापल्यावर चिनी मातीच्या तिप्पट पसरते, त्यामुळे टाका सैल होतो. लोखंडी टाक्याला मीठ-लोणचे आणि ओल लागली की गंज फुगतो आणि तडा रुंदावतो. तसेही सांध्यात काय भरले आहे ते बाहेरून कळत नाही. वर सांगितलेल्या अंड्याच्या लुकणाचा विचार केला तर आपल्या स्वयंपाकघरात ते खाण्यापिण्यासाठी वापरू नये. कोरड्या फडक्याने पुसून शोभेला ठेवावे.

एक व्यवहाराची गोष्ट. लेक परदेशी चालली की आठवण म्हणून असली भांडी देण्याची पद्धत आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा वय नीट ठरवणे विक्रीसाठीच नाही, त्यासाठीही लागते. शंका असेल तर वस्तू पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा.

खरी जुनी चिनी आणि जपानी भांडी कशी असतात, हे डोळ्यांना सवय व्हावी म्हणून फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहाची दालने सावकाश पाहा. जमेल तिथे भांड्यांच्या तळकडीकडे लक्ष द्या. काकूंची ताटली विकली गेली नाही. व्यापाऱ्याने शिक्का वाचून दाखवल्यावर आधीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यात मागितली, आणि काकूंनी ती परत फडताळात ठेवली. आता ती दोनशे वर्षांची नाही, पण सासूबाईंच्या संचातली सहावी ताटली आहे, आणि बाकी पाच तिच्या आधीच फुटल्या.