कुत्ता गोळीची बेवारस भावंडं

नामपूरहून पुढे गेलेली मोसम मालेगावात गिरणेला मिळते. मालेगावच्या पोलीस कारवायांच्या बातम्यांत काही वर्षांपासून एक नाव सारखं येतं: कुत्ता गोळी. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. अस्वस्थतेच्या झटक्यांवर मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात तेच औषध. नशेसाठी ती मूठभर घेतली जाते, कधी खोकल्याच्या औषधाबरोबर, कधी दारूबरोबर, आणि त्यातून माणसं मरतातही. पण ह्या गोळीची एक गोष्ट अजून शाबूत आहे. चोरवाटेने आली तरी ती कारखान्यातून स्ट्रिपमध्ये आलेली असेल, तर 0.5 मिलीग्रॅम छापलेल्या गोळीत साधारण तेवढंच औषध असतं. तिच्या ज्या भावंडांची ही हकिगत आहे, त्यांच्याबद्दल एवढंसुद्धा सांगता येत नाही.

बेन्झोडायझेपिन्सच्या ह्या कुळाचा मूळ पुरुष लिओ स्टर्नबाख. पोलंडमधल्या क्राकुव्ह विद्यापीठात तरुणपणी त्याने रंग बनवण्याच्या आशेने काही संयुगांवर काम केलं होतं. पुढे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या नटली इथे रॉश कंपनीत असताना तो त्याच जुन्या संयुगांकडे वळला. बरीच संयुगं बनवली, गुण कशातच दिसेना. शेवटचं एक तर न तपासताच फळीवर पडून राहिलं. 1957 मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना ते सहकाऱ्याच्या हाती लागलं, तपासणीला गेलं आणि प्राणी शांत होतात असं दिसलं. 1960 मध्ये ते लिब्रियम म्हणून बाजारात आलं, 1963 मध्ये त्याच्या मागोमाग व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम.

मग कंपन्यांची चढाओढ सुरू झाली. सांगाडा तोच ठेवायचा, क्लोरीनच्या जागी ब्रोमीन लावून बघायचं, कुठे फ्लोरीन जोडायचं, बाजूला आणखी एक कडं चिकटवायचं. मिशिगनमधल्या अपजॉन कंपनीत जॅक्सन हेस्टर ह्या रसायनतज्ज्ञाने ते जादा कडं जोडून अल्प्राझोलाम बनवलं. ते 1981 मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं. अशा खटाटोपात शेकडो रेणू तयार होतात, पण औषध होण्याची वेळ मोजक्यांवरच येते. बाकीचे पेटंटच्या कागदांत आणि शोधनिबंधांत राहतात. कधी ते फार तीव्र निघतात, कधी फार वेळ टिकतात, कधी नुसती बाजारात त्यांची गरज नसते.

ऑनलाइन विकली जाणारी ‘डिझायनर’ बेन्झोडायझेपिन्स बहुतांशी ह्याच कागदांतून उचललेली आहेत. डिझायनर हे नाव त्यांना जरा जास्तच मान देतं, कारण नवीन त्यात फारसं काही नसतं. अल्प्राझोलामला फ्लोरीनचा एक अणू जोडला की फ्लुअल्प्राझोलाम. अल्प्राझोलाममधला क्लोरीन काढून ब्रोमीन बसवला की ब्रोमाझोलाम. क्लोनाझेपामला हेस्टरचं ते कडं जोडलं की क्लोनाझोलाम. हे सारे सत्तरच्या दशकातच कागदावर आलेले रेणू. 2012 च्या सुमारापासून असे रेणू एकामागून एक इंटरनेटवर दिसू लागले, पाकिटावर ‘संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असा शिक्का मारून. तो शिक्का कायद्याला बगल देण्यासाठी असला तरी एका अर्थी खराच आहे, कारण माणसांवर त्यांच्या रीतसर चाचण्या झालेल्याच नाहीत.

त्याचा परिणाम समजायला फ्लुब्रोमाझेपामचं उदाहरण घ्या. अल्प्राझोलामची रक्तातली पातळी साधारण 11 तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे रोज एक गोळी घेतली तरी फारशी साठत नाही. फ्लुब्रोमाझेपामबाबत जर्मन संशोधकांनी एका माणसावर मोजमाप केलं, तेव्हा निम्म्यावर यायला 100 तासांहून जास्त लागले. म्हणजे रोज एक घेणाऱ्याच्या अंगात सातव्या दिवशी एका गोळीच्या चौपटीहून अधिक औषध असतं. गोळी तीच, मात्रा तीच, आणि आठवड्याच्या शेवटी माणूस बोलता बोलता अडखळायला लागतो. डॉक्टर लिहून देतात त्या गोळीचा हा हिशेब आधीच मांडलेला असतो. इथे तो घेणाऱ्याच्या शरीरावरच मांडला जातो.

दुसरी अडचण रसायनाची नाही, मिसळण्याची आहे. अर्ध्या मिलीग्रॅमची गोळी साधारण 100 मिलीग्रॅम वजनाची धरली, तर तिच्यात औषध अर्धा टक्का, उरलेला सगळा भराव. एक ग्रॅम पावडरीत अशा 2000 गोळ्या होतात. वाटपात जरा उन्नीस-बीस झालं की एका गोळीत काहीच नाही आणि शेजारच्या गोळीत तिप्पट. म्हणून कारखान्यात पावडर भरावात टप्प्याटप्प्याने मिसळतात, आणि बॅच बाहेर पडण्याआधी भारतीय औषधकोशाप्रमाणे दहा गोळ्या सुट्या सुट्या तपासतात. त्यांतलं औषध सरासरीच्या 85 ते 115 टक्क्यांत बसावं लागतं. एखादी गोळी त्याबाहेर गेली तर चालते, पण तीही 75 ते 125 च्या आतच हवी. चोरट्या गोळीयंत्रावर दहा गोळ्या कोण तपासणार? तिथे वरचा छाप, रंग आणि कडेची खाच हुबेहूब असते. नक्कल फक्त तेवढ्याचीच होते.

ह्या दोन्ही अडचणी एकाच रेणूत बघायच्या तर एटिझोलाम घ्यावं. हे जपानमध्ये 1984 मध्ये बाजारात आलेलं औषध. भारतात ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, मात्रा छापलेल्या स्ट्रिपमध्ये. ब्रिटनमध्ये त्याला औषध म्हणून कधी परवानगी नव्हती, तिथे ते बेवारस रेणूंच्या रांगेत शिरलं. स्कॉटलंडच्या रस्त्यांवर निळ्या गोळ्या ‘स्ट्रीट व्हॅलियम’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या. 10 मिलीग्रॅम डायझेपाम समजून लोक त्या घेत. तपासणीत आत निघे एटिझोलाम, ज्याचा एक मिलीग्रॅम ढोबळमानाने त्या दहांच्या बरोबरीचा धरतात, आणि प्रत्येक गोळीत ते किती हे दर वेळी वेगळं. 2020 मध्ये स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांनी 1,339 जण दगावले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंत एटिझोलामचा हात होता, बहुतेकदा हेरॉइन किंवा मेथाडोनच्या जोडीने, आणि एटिझोलामप्रमाणेच ही दोन्हीही श्वास मंद करतात. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी एटिझोलाम नियंत्रणाच्या यादीत घातलं. मग विक्रेते पुढच्या रेणूकडे वळले. ब्रोमाझोलाम त्या यादीत यायला 2024 उजाडलं.

दवाखान्यात ही भानगड आणखी गुंतते. लघवीच्या पट्टीवर ‘बेन्झोडायझेपिन’ एवढंच कळतं, कधी तेही नाही. कुठला रेणू ते सांगायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि तो तालुक्याच्या रुग्णालयात नसतो. अफूजन्य औषधांवरचं नॅलोक्झोन ह्या गोळ्यांवर चालत नाही, पण गोळीत अफूसारखं काही मिसळलेलं असू शकतं म्हणून ते दिलं जातं, आणि मुख्य काम उरतं श्वास चालू ठेवण्याचं. झोपलेला माणूस हाका मारून, हलवून उठत नसेल, घोरणं घरघरीसारखं येत असेल किंवा ओठ निळसर झाले असतील, तर त्याला कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा.

आणि जो रोज घेतो आहे त्याला ‘आजपासून बंद’ म्हणता येत नाही. अचानक थांबल्यास फिट येऊ शकते. अल्प्राझोलाम घेणाऱ्याची मात्रा स्ट्रिपवरून कळते, त्यामुळे ती आठवड्यागणिक किती उतरवायची ह्याचा आराखडा कागदावर मांडता येतो. ऑनलाइन गोळी घेणाऱ्याची मात्रा त्याला स्वतःलाच ठाऊक नसते. म्हणून डॉक्टर डायझेपामसारखं ओळखीचं, हळू उतरणारं औषध थोडं देऊन हाताचा थरथराट, घाम आणि नाडी पाहत राहतात, आणि त्यावरून उलटा अंदाज बांधतात की आत नेमकं किती जात होतं. ह्याला वेळ लागतो. कुठे जायचं हे माहीत नसेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 आहे.