300 पाहुणे, एक बुफे: उजनीकाठच्या जेवणासाठी मासळी किती मागवायची?

हॉटेल मॅनेजमेंटच्या परीक्षेत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो: इतके पाहुणे, असा मेनू, तर मालाची मागणी यादी तयार करा. या यादीला स्वयंपाकघरात 'इंडेंट' म्हणतात. नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात 'क्वांटिटी फूड प्रॉडक्शन' या विषयात इंडेंटचा स्वतंत्र भाग आहे. प्रश्न दिसतो साधा गुणाकाराचा, पण बहुतेक उत्तरं चुकतात ती गुणाकार करण्याच्या आधी.

हा प्रश्न आपण सोलापूर जिल्ह्यात आणू. भीमेवरच्या उजनी धरणाचं काम 1980 मध्ये पूर्ण झालं आणि मागे यशवंतसागर हा मोठा जलाशय तयार झाला. माढा, करमाळा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यातली गावं या पाण्याच्या काठावर आहेत. कटला, रोहू, चिलापी ही इथली रोजची मासळी, आणि पुणे-सोलापूर महामार्गावरून जाणारे लोक ती खायला मुद्दाम थांबतात. समजा, टेंभुर्णीजवळच्या एका हॉलमध्ये 300 जणांचा बुफे आहे. मेनूत कटल्याचा फ्राय, कटल्याचा रस्सा, पनीरची भाजी, डाळ, भात आणि ज्वारीची भाकरी. मांसाहारी पाहुणे 60 टक्के.

मेनूकार्डाचा पोर्शन इथे चालत नाही

हॉटेलात ऑर्डर दिल्यावर येणाऱ्या एका प्लेटमध्ये साधारण 200 ग्रॅम मासे असतात असं धरू. विद्यार्थी फ्रायचे 200 आणि रश्श्याचे 200 असे 400 ग्रॅम धरतो, त्याला 300 ने गुणतो आणि 120 किलो लिहून मोकळा होतो. पण ऑर्डर देणारा माणूस एक-दोनच पदार्थ मागवतो. बुफेत समोर सहा पदार्थ असतात, पोट मात्र तेवढंच. त्यामुळे प्रत्येक पदार्थाचा पोर्शन लहान होतो.

इथे एका मांसाहारी पाहुण्यामागे फ्रायचा 80 ग्रॅमचा एक तुकडा आणि रश्श्यातले 60 ग्रॅमचे दोन तुकडे धरता येतील, म्हणजे एकूण 200 ग्रॅम साफ केलेला मासा. मासे खाणारे 180. ऐनवेळी वाढणाऱ्यांसाठी 5 टक्के जास्त, म्हणजे 189. मग 189 गुणिले 200 ग्रॅम, 37.8 किलो. 120 किलोच्या तुलनेत हा आकडा एक तृतीयांशही नाही.

ही 5 टक्क्यांची वाढ एकदाच करायची असते. पाहुण्यांवर 5, पोर्शनवर 5 आणि शेवटच्या बेरजेवर पुन्हा 5 असं केलं की माल जवळपास 16 टक्क्यांनी फुगतो, आणि उत्तरपत्रिकेत ते पटकन लक्षातही येत नाही.

भागायचं की वाढवायचं?

37.8 किलो हा साफ केलेला मासा झाला. बाजारातून येतो तो अख्खा. खवले, कल्ले, पोटातला भाग आणि डोकं काढल्यावर कटल्याचा उतारा 65 टक्के मिळतो असं धरू. आता एकूण किती घ्यायचा?

इथली चूक सर्वांत महाग पडते. '35 टक्के वाया जातं, म्हणून 35 टक्के वाढवू' असं म्हणून विद्यार्थी 37.8 ला 1.35 ने गुणतो आणि 51 किलो लिहितो. पण वाया जाणारे 35 टक्के अख्ख्या माशाचे असतात, साफ केलेल्याचे नाहीत. त्यामुळे 37.8 ला 0.65 ने भागायला हवं. उत्तर येतं सुमारे 58 किलो. ताळा सोपा आहे: 51 किलोचे 65 टक्के म्हणजे जेमतेम 33 किलो. साडेचार किलोंहून जास्त मासा कमी पडला, म्हणजे 23 जणांच्या ताटात मासाच नाही.

उतारा माशाबरोबर आणि कापण्याच्या पद्धतीबरोबर बदलतो. डोकी रश्श्यात घालायची असतील, आणि कटल्याच्या डोक्याला या भागात मागणी असतेच, तर उतारा वाढतो आणि खरेदी कमी होते. उलट चिलापीचे बिनकाट्याचे तुकडे हवे असतील तर उतारा 35 टक्क्यांच्या आसपास येतो. तेवढ्याच 37.8 किलोसाठी मग 108 किलो मासळी लागते. म्हणून उत्तरात मासा कोणता आणि उतारा किती धरला, हे लिहायलाच हवं.

शाकाहारी भाजी फक्त शाकाहारींची नसते

120 शाकाहारी, म्हणून पनीर 120 जणांचं, हे कागदावर बरोबर वाटतं. पण बुफेत मासे खाणाराही चमचाभर पनीर घेतो. अशा पाहुण्याचा अर्धा पोर्शन धरला तर 180 जणांचे 90 पोर्शन होतात आणि एकूण 210. प्रत्येकी 60 ग्रॅम पनीर आणि वर 5 टक्के धरून हे सव्वातेरा किलो होतं. फक्त 120 जणांसाठी मागवलं असतं तर रांगेत शेवटी आलेल्या शाकाहारी माणसाला भाजी उरली नसती, आणि त्याला दुसरा पर्यायही नसतो.

60:40 हे प्रमाणही प्रश्नात दिलंय म्हणून ठीक. प्रत्यक्षात ते यजमानांना विचारावं लागतं. याच भीमेच्या काठी खाली पंढरपूर आहे. घरात माळकरी मंडळी जास्त असतील, किंवा तारीख एकादशीची वा श्रावणातली असेल, तर सगळं गणित उलटं होतं.

भाकरीत किलो नव्हे, मिनिटं मोजायची

भाताचा हिशोब सरळ आहे. सोबत भाकरी असेल तर माणशी 70 ग्रॅम कच्चा तांदूळ, म्हणजे 315 जणांना सुमारे 22 किलो. भाकरीचं पीठही काढता येतं. अडचण वेगळीच आहे. भाकरी तासभर आधी करून ठेवली की वातड होते, त्यामुळे ती जेवण चालू असतानाच थापावी लागते. एका तव्यावर दोन मिनिटांत एक भाकरी धरली तर तासाला 30. जेवण दीड तास चालणार आणि 300 भाकरी हव्यात, म्हणजे तासाला 200. यासाठी सात तवे आणि सात थापणाऱ्या बायका लागतात. एवढी माणसं नसतील तर भाकरी माणशी अर्धी धरून चपाती वाढवावी आणि तसं इंडेंटमध्ये लिहावं. पीठ भरपूर आणि तवे दोन, अशा बुफेत भाकरीच्या टेबलापाशीच रांग तुंबते.

फ्रायचीही अशीच एक मेख आहे. माणशी एक तुकडा हा हिशोब पंगतीत आपोआप पाळला जातो, कारण वाढपी वाढतो. बुफेत पाहुणा स्वतः घेतो आणि दोन-तीन तुकडे सहज उचलतो. म्हणून फ्राय रांगेच्या शेवटी ठेवतात, तिथे वाढायला माणूस उभा करतात आणि तुकडे एकदम न तळता थोडे थोडे तळतात. तसाही झाकलेल्या गरम भांड्यात फ्राय लवकर मऊ पडतो.

जेवण संपल्यावर भांड्यात उरलेलं आणि ताटात टाकलेलं अन्न वेगवेगळं मोजतात. भांड्यात जास्त उरलं तर पोर्शन किंवा पाहुण्यांची संख्या जास्त धरली होती. ताटात जास्त उरलं तर तुकडा मोठा कापला गेला, किंवा चवीत काही बिघडलं. पहिल्या वेळी पुढचा इंडेंट कमी करायचा, दुसऱ्या वेळी इंडेंट तसाच ठेवून आचाऱ्याशी बोलायचं.