खोडदच्या अँटेना आणि २१ सेंटिमीटर

देऊळगाव राजाच्या गच्चीवरून रात्री तारे दिसतात. त्यांच्यामधला थंड हायड्रोजन दिसत नाही. तो रेडिओवर मात्र ऐकू येतो. त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचे स्पिन समांतर असले तर ऊर्जा किंचित जास्त असते. स्पिन उलटला की ती १४२० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे २१ सेंटिमीटरच्या लहरीतून बाहेर पडते. एका अणूला यासाठी सरासरी एक कोटी वर्षं लागतात. अणू अगणित आहेत, म्हणून काम भागतं.

गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला ३० अँटेनांची जीएमआरटी उभारली, त्यामागे ही लहर हे एक मोठं कारण होतं. विश्व प्रसरण पावताना लहरही ताणली जाते. त्यामुळे फार लांबचे, दीर्घिका बनण्याआधीचे ढग ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडतील, अशी आशा होती. ते सापडले नाहीत.

यश आलं ते वेगळ्या वाटेने. पुण्याच्या एनसीआरएतले आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिका घेतल्या. तिथली लहर आपल्याकडे येईपर्यंत ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास उतरलेली असते. एकेकीचा संकेत गोंगाटात पार बुडालेला. पण प्रत्येकीचं अंतर प्रकाशाच्या वर्णपटावरून आधीच माहीत होतं, म्हणून तिची लहर नेमकी कुठे असणार हे ठरवून सगळे संकेत एकावर एक रचले आणि सरासरी काढली. अशाने गोंगाट ढोबळमानाने ८७ पट घटतो (७,६५३ चं वर्गमूळ), संकेत तेवढाच राहतो. रेषा वर आली.

ऑक्टोबर २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. स्वरूप सप्टेंबरमध्येच गेले होते. हिशोब असा निघाला की त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने त्यांचा वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे ताऱ्यांचा जन्मदर का घसरला, याचं हे साधं कारण असू शकतं.